तीन चुलींचा तक्ता

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला, तर मी म्हातारा झालो असं समजेन. वर्ध्यात छापलेल्या एका सूचीपत्रातल्या पाच ओळींनी हिंगणघाटच्या शंभर घरांतला धूर घराबाहेर काढला, आणि त्या ओळी या लहानूनं लिहिल्या होत्या.

साल त्रेपन्न. आमचे मालक लक्ष्मणराव चुली विकत. दोन तोंडांची, धुराड्याची चूल. एका जाळावर भात आणि वरण दोन्ही शिजे. चूल चांगली, पण घेणारं कोणी नाही. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर कारखान्याला कुलूप, हे ठरलेलं. तेवढ्यात हिंगणघाटच्या महिला मंडळाच्या सुलोचनाबाईंचं पत्र आलं : शंभर चुली घ्यायच्या आहेत, सूचीपत्र पाठवा, बाया वाचून ठरवतील.

लक्ष्मणराव हरखले. आपली चूल, घरची मातीची चूल आणि रॉकेलचा स्टोव्ह, असे तीन रकाने त्यांनी आखायला लावले.

"लिव, लहानू. मातीची चूल : डोळे फोडणारी. स्टोव्ह : भडकणारा. आमची : सर्वांत उत्तम."

चुली थापणाऱ्या देवकाबाई हात धूत होत्या. त्या तशाच ओल्या हातानं आत आल्या.

"मालक, हिंगणघाटच्या बायांच्या चुली कोणं थापल्या?"

"कोणं म्हंजे? त्यांनीच."

"मंग? जिनं सोताच्या हातानं चूल थापली, रोज सारवली, सणाले हळदकुंकू वाह्यलं, तिलेच म्हनता तुही चूल वाईट! ते तुमची चूल घेईन का तुमचं सूचीपत्र त्याच चुलीत घालीन?"

लक्ष्मणरावांना हे सुचलंच नव्हतं. सुचणार कसं, त्यांनी चूल विकली होती, सारवली कधी नव्हती.

"मंग काय लिवू?" मी विचारलं.

"जे दिसीन ते. मांडा तिन्ही चुली."

अंगणात तिन्ही मांडल्या. सारखीच पातेली, एक शेर तांदूळ, पाव शेर तुरीची डाळ, एकाच मोळीतली बाभळीची लाकडं तोलून. रांधायला तिन्हीकडे देवकाबाईच, एकामागून एक. मी घड्याळ धरून. मग तक्ता असा झाला :

*किंमत* : मातीची, काहीच नाही. स्टोव्ह आणि आमची, दोन्ही विकत.
*भात-वरणाला वेळ* : स्टोव्ह, पाऊण तास. आमची, एक तास. मातीची, सव्वा तास.
*जळण* : मातीची, तीन शेर लाकूड. आमची, दोन शेर. स्टोव्हला रॉकेल, लाकूड नाही.
*भाकर* : मातीच्या चुलीच्या निखाऱ्यावर सर्वांत छान फुगते.
*धूर* : मातीच्या चुलीचा घरात राहतो. आमचा धुराड्यातून बाहेर जातो. स्टोव्हला लाकडाचा धूर नाही.

लक्ष्मणरावांनी कपाळावर हात मारला. "अरे, दोन ओळीत तं आपुन हारलो! वेळ आन् भाकर खोड."

"खोडा ना," देवकाबाई म्हणाल्या. "जिच्या शेजारणीकडे स्टोव्ह हाय, तिले ठाऊक हाय तो बिगीनं शिजवते. तेवढी ओळ लपवली, का बाकीच्या चार ओळीबी लबाड झाल्या."

मालक अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "छापा."

सूचीपत्र निघालं आणि तिसऱ्या दिवशी स्टोव्हवाले बंडूजी ते हातात घेऊन दारात उभे. लक्ष्मणराव मागच्या दारानं निघायच्या बेतात!

"लक्ष्मणराव, भाकरीच्या ओळीत आमचं काऊन लिवलं नाई?"

"स्टोव्हवर निखारा कुठून आणू, बंडूजी?"

बंडूजी खदखदून हसले. "खरं हाय बाप्पा. माह्या मालाबद्दल माह्यापेक्षा खरं लिवलं तुमी. पन्नास पत्रकं द्या, दुकानात ठेवतो. लाकडाचं गिऱ्हाईक तसंबी माह्या कामाचं नाई."

आठव्या दिवशी हिंगणघाटहून सुलोचनाबाईंचं पत्र. देवकाबाईंनी मला मोठ्यानं वाचायला लावलं : 'आमच्या चुलीला नावं न ठेवणारे तुम्ही पहिलेच. भाकर आम्ही जुन्याच चुलीवर करू, भात-वरण तुमच्या चुलीवर. शंभर चुली पाठवा.'

लक्ष्मणराव नाचले! धोतर सावरत, मातीच्या ढिगाभोवती! देवकाबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला आणि मालकांच्या हातावर दोन खडे ठेवले. पुढे वडनेरहून मागणी, सेवाग्रामकडून मागणी. चुली स्टेशनावर न्यायला बैलगाड्या इतक्या, की पहिली स्टेशनात पोचली तरी शेवटची अजून आमच्या अंगणात जुंपायची होती. आणि चूल तरी कशी! सात वर्षं झाली, एकाही घरी धुराडं झाडावं लागलं नाही, काजळी म्हणून धरत नाही...

"थांबा, लहानूजी!" ओसरीवर गोष्ट ऐकत बसलेली शकुबाई ओरडली. "आमच्या घरी तो तक्ता अजून भिंतीले डकवला हाय. त्याच्या खाली तुमीच छापलं, 'धुराडं दर आठ दिवसांनी झाडावं लागते.' कालच झाडलं मी. हे पाहा हात!"