खोक्यावरचा चेहरा

सुरतेच्या रिंग रोडवर, साड्यांचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत मंदा मेकअप करायची. तिचा एकच हट्ट असे: रंग कातडीला बघून लावायचा, डबी बघून नव्हे. १९९६ साली बाजारात मिळणारं फाउंडेशन बहुतेक गुलाबीच. आतून पिवळसर असलेल्या तपकिरी कातडीवर ते लावलं, की चेहऱ्याला राख फासल्यासारखी कळा. म्हणून गडद डबी घ्यावी, तर वाळल्यावर चेहरा नारिंगी. मंदा मग पिवळी आणि तपकिरी कांडी मिसळायची, जबड्याच्या कडेला बोटभर लावायची आणि खिडकीच्या उजेडात वाळेपर्यंत बघत बसायची. फोटोग्राफर प्रकाश वैतागायचा. वैतागू दे, तिला काय.

एके दिवशी मुंबईची मॉडेल आलीच नाही. मंदाची मुलगी चंचल बमरोलीच्या कारखान्यात साड्यांना घडी घालायची. ती आईचा डबा घेऊन आली होती. प्रकाशनं तिलाच मोहरी रंगाची साडी नेसवायला सांगितली. आपली पोर साडीच्या खोक्यावर गावोगाव जाणार, या विचारानं मंदाचा ऊर भरून आला. तिनं तासभर खपून चेहरा, मान, हात एका रंगात आणले. पोर उजळली, आणि तरी चंचलच दिसत होती.

प्रकाशनं काढलेला, जागेवरच छापून आलेला फोटो साडीवाल्या शेठनं निरखला.

"काम सरस छे, मंदाबेन. पण ही तर साडीला घडी घालणारी वाटते."

"आहेच ती, शेठ."

"तेच तर. अशा पोरीकडं बघून कोण साडी घेणार? गोरी कर. नाहीतर मान कापून खालचंच छापू."

"गुलाबी लावला तर राख दिसेल, शेठ. या साडीवर तर जास्तच."

"दिसू दे."

मंदानं पेटी बंद केली. असलं काम तिनं परक्या पोरीवरही केलं नव्हतं. पण चंचलनं तिचा हात धरला.

"लाव ना माय. नाहीतर मना चेहरा कापतील."

मंदानं लावला. थरावर थर. आयुष्यात पहिल्यांदा ती खिडकीकडं गेली नाही.

महिन्याभरानं खोकं आलं. चंचल ते घेऊन चाळीत दारोदार फिरली. शेजारच्या मालतीबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"हाई कोन शे? आजारी शे का बिचारी?"

"मी शे, मालतीकाकू."

मालतीबाईंनी एकदा पोरीकडं, एकदा खोक्याकडं पाहिलं आणि हसू आवरत विचारलं, "कोन्ही करं व असं तोंड?"

मंदा दारातच उभी होती. चंचलनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मायनीच," ती म्हणाली.