लाल पट्टी

गार्डच्या मुलाने टीव्ही पाठवला त्या दिवसापासून कंपाउंडरच्या पोटात दुखायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटदुखीवर पुड्या बांधलेल्या माणसाला स्वतःसाठी मात्र एक पुडी सापडेना.

दोघांची दारं समोरासमोर, तीस वर्षं. एकाने रेल्वेच्या शेवटच्या डब्यातून झेंडा दाखवला, दुसऱ्याने दवाखान्याच्या खिडकीमागून औषधं दिली. निवृत्त झाले तेही एकाच वर्षी. दोघांना एकेकच मुलगा. इथवर दोघं अगदी बरोबरीत होते. मग गार्डचा मुलगा परदेशी गेला आणि तिकडून रोज संध्याकाळी बापाला फोन करू लागला. कंपाउंडरचा मुलगा दोन तासांच्या अंतरावर राहायचा आणि महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही काही काम निघालं तर.

आणि वर हा टीव्ही. ओएलईडी. भिंतीवर टांगला तर पुठ्ठ्याएवढा जाड, आणि त्यातला काळा रंग इतका काळा, की अंधारातल्या दृश्यात टीव्ही चालू आहे की बंद तेच कळू नये. कंपाउंडरच्या घरातल्या जुन्या टीव्हीत रात्रसुद्धा राखाडी दिसायची.

"तुझ्या टीव्हीला नजर लागेल रे," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"नजर नाही, डाग लागतो त्याला," गार्ड गंभीरपणे म्हणाला. "एकच चित्र फार वेळ एका जागी राहिलं, तर त्या जागचे ठिपके झिजतात. मग ते चित्र तिथे कायमचं उमटतं."

झालं. तेव्हापासून गार्ड त्या टीव्हीपुढे असा वागायला लागला, जणू घरात बाळंतीण आहे. तासभर बातम्या झाल्या की चॅनेल बदल. फोन आला की टीव्ही बंद कर. कंपाउंडरला हे सगळं नाटक वाटायचं. बापाला म्हणे नाजूक वस्तू सांभाळायला दिली आहे! श्रीमंती दाखवायची ती सरळ दाखवावी, एवढं सोवळं कशाला?

मग गार्ड तीन महिन्यांसाठी मुलाकडे निघाला. जायच्या आदल्या दिवशी त्याने कंपाउंडरला सोफ्यावर बसवलं आणि रिमोट हातात दिला.

"हे बघ, रोज तास-दोन तास बघत जा. बंदच ठेवू नकोस. ब्राइटनेस आहे तेवढाच राहू दे. चॅनेलचा लोगो दिसला की तो आपोआप मंद होतो, ते सेटिंग चालू आहे. आणि चित्र दर थोड्या वेळाने दोन-चार ठिपके इकडेतिकडे सरकतं, तेही चालू आहे. त्यांना हात लावू नकोस."

"नाही लावत, बाबा."

"आणि मुख्य म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. रिमोटनेच बंद करायचा. चार तासांहून जास्त चालला असेल, तर बंद झाल्यावर तो आतल्या आत स्वतःला साफ करतो. पाच-दहा मिनिटं लागतात. त्याची वीज तोडायची नाही."

"अरे गार्डा, टीव्ही ठेवून चाललायस की पोर?"

गार्ड हसला आणि त्याने किल्ली दिली. कंपाउंडरने ती घेतली, आणि घेताघेताच त्याला वाटलं, आपल्याला कुणी तीन महिने बोलावलं असतं तर आपण किल्ली कुणाला दिली असती? कुणी बोलावलंच नसतं, हे उत्तर त्याला माहीत होतं.

पहिले पंधरा दिवस तो इमानदारीने वागला. गार्ड रोज व्हिडिओ कॉल करायचा. कधी बागेतून, कधी गाडीतून. मागे नात नाचत असायची. सून म्हणायची, "काका, आम्ही बाबांना आता सोडतच नाही!" मुलगा म्हणायचा, "काका, टीव्ही बघता ना?" कंपाउंडर दात दाखवून हो म्हणायचा आणि फोन ठेवला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्याचं चांगलं झालं की तुमचा चेहरा असा का होतो?" त्याने तिला चहा टाकायला सांगितलं.

एका सकाळी कॉलवर गार्ड म्हणाला, "मुलाने माझ्यासाठी वेगळी खोली रंगवून घेतली रे." त्या दिवशी कंपाउंडर समोरच्या घरात गेला, सोफ्यावर बसला आणि रिमोटवरचं मेनूचं बटण त्याने दाबलं. बघू तरी किती नाजूक आहे, असं तो स्वतःला म्हणाला. चित्राचा प्रकार त्याने सगळ्यात भडक केला. ब्राइटनेस शंभरावर नेला. लोगो मंद करणारं सेटिंग बंद केलं, चित्र सरकवणारंही बंद केलं. रिमोटला बराच वेळ हात लागला नाही तर टीव्ही आपोआप बंद व्हायचा, तेही त्याने शोधून बंद केलं. माणूस चांगलं काम करताना आळस करतो, वाईट करताना किती बारकाईने करतो बघा!

मग त्याने बातम्यांचं एकच चॅनेल लावलं. खाली जाड लाल पट्टी, वर कोपऱ्यात पांढरा लोगो. दार लावून तो घरी आला आणि जेवला. रात्री जाऊन टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी तसंच, आणि तिसऱ्या दिवशीही. टीव्ही रोज बारा-बारा तास रिकाम्या खोलीत ओरडत राहिला. तो निघताना भिंतीवरचं बटण मात्र न चुकता बंद करायचा. ही एवढी एक गोष्ट आपण बरी करतो, असं त्याला वाटायचं. घरात रोज करायची सवयच होती ती, आणि त्या सवयीपुढे गार्डची सूचना तो साफ विसरला होता. रात्रभर वीज तरी जळायला नको.

सव्वादोन महिने असे गेले. रोज फोनवर त्याला गार्डचा हसरा चेहरा दिसायचा आणि रोज तो समोर जाऊन लाल पट्टी लावायचा. हे केल्यावर त्याला बरं वाटायचं का? वाटायचं. खोटं कशाला बोला?

गार्ड परत यायला आठ दिवस उरले, तेव्हा त्याने सगळी सेटिंग्ज होती तशी केली आणि सहज चॅनेल बदललं. पडद्यावर बर्फाळ डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मळकट पट्टी. वर कोपऱ्यात लोगोची अक्षरं, पुसट, पण वाचता येतील इतकी. त्याने चॅनेल बदललं. पट्टी हलली नाही. टीव्ही बंद करून चालू केला. पट्टी तिथेच.

आता त्याच्या पोटात दुखलं ते वेगळंच. मेनूत 'पिक्सेल क्लीनिंग' दिसलं, ते त्याने चालू केलं. तासभर पडदा काळा राहिला आणि तो समोर बसून राहिला. पट्टी किंचित फिकी झाली. त्याने पुन्हा केलं. चार दिवसांत सात वेळा केलं. मग तंत्रज्ञाला बोलावलं.

तंत्रज्ञाने पडद्यावर आधी नुसता राखाडी रंग लावला, मग नुसता लाल. लालमध्ये पट्टी अशी उठून दिसली, की कंपाउंडरने मान फिरवली.

"हे पुसून जायचं नाही काका, हे झिजलेलं आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "ज्या ठिपक्यांना जास्त राबवलं, ते आधी म्हातारे झाले. आता ते बाकीच्यांइतके उजळत नाहीत. आणि ते क्लीनिंग सारखं सारखं करू नका, त्यानेही पॅनेल झिजतं."

"रोज बंद करताना बटणसुद्धा बंद करायचो मी," कंपाउंडर म्हणाला. निदान तेवढं तरी कुणी चांगलं म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

"भिंतीवरचं? मग तर बघायलाच नको. बंद झाल्यावर तो झीज मोजतो आणि आतून सारखी करून घेतो. तुम्ही त्याला एकदाही करू दिलं नाहीत. आता पॅनेलच बदलावं लागेल, आणि या मॉडेलचं ते मिळत नाही."

गार्ड आला, तो मुलाला घेऊनच. संध्याकाळी दोघं कंपाउंडरच्या दारात उभे राहिले.

"मी घर सोडतोय," गार्ड म्हणाला. "हा काही ऐकत नाही. कायमचं तिकडे ये म्हणतो."

कंपाउंडरने "वा, वा" म्हटलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"आणि तो टीव्ही तुझा," गार्ड म्हणाला. "जाणार हे मला आधीच माहीत होतं रे, सांगवत नव्हतं. म्हणून तर एवढ्या सूचना दिल्या. म्हटलं, तुझ्याकडे जाईल तेव्हा नव्यासारखा असावा."

कंपाउंडर नको म्हणाला. तीनदा म्हणाला. बायको म्हणाली, "अहो, एवढं प्रेमाने देतायत!" मुलाला वाटलं, काका संकोच करतायत. त्याने तासाभरात टीव्ही इकडे आणून भिंतीवर लावलासुद्धा. आता कबूल करावं असं कंपाउंडरच्या जिभेवर दोनदा आलं आणि दोनदा त्याने ते गिळलं.

मुलाने टीव्ही चालू केला. पडद्यावर वाळवंट होतं. पिवळट वाळूचा विस्तार, आणि त्या वाळूतून आडवी गेलेली ती पट्टी. वर कोपऱ्यात लोगो.

मुलगा रिमोट धरून थांबला. जवळ जाऊन त्याने बोटाने पट्टीवरून रेघ ओढली. "बाबा, हे काय? हे तर बर्न-इन आहे. इतकं? तुम्ही निघालात तेव्हा पडदा स्वच्छ होता ना?"

कंपाउंडरची बायको पडद्याकडे बघत होती, तिला काही कळलं नव्हतं. गार्डने पडद्याकडे बघितलं, मग कंपाउंडरकडे. बराच वेळ बघितलं. तीस वर्षं समोर राहिलेल्या माणसाला चेहरा वाचायला चष्मा लागत नाही. कंपाउंडरने नजर खाली वळवली.

"कुठला स्वच्छ?" गार्ड मुलाला म्हणाला. "आधीपासूनच होतं ते. तू ओरडशील म्हणून बोललो नाही. एकटा माणूस, दिवसभर बातम्या लावून बसायचो. आवाजाची सोबत व्हायची."

"बाबा, रोज फोनवर विचारत होतो मी!"

"चुकलं माझं," गार्ड म्हणाला, आणि कंपाउंडरकडे वळला. "डागी टीव्ही देतोय तुला. राग मानू नकोस."

मुलगा बापाला बोलत राहिला. गार्ड मान खाली घालून ऐकत राहिला, नातीएवढ्या पोराने ऐकावं तसं. कंपाउंडर भिंतीला टेकून उभा होता. त्याने गार्डच्या टीव्हीचा हेवा केला होता, मुलाचा केला होता, रंगवलेल्या खोलीचा केला होता. पण या क्षणी गार्डला जे सहज जमलं होतं, त्याचा त्याला असा हेवा वाटला, की मागचे सगळे हेवे पोरकट वाटावेत. कारण दुसऱ्याचं पाप असं आपल्या अंगावर घेणं आपल्याला मेलो तरी जमलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःचं पाप घेणंसुद्धा त्याला जमत नव्हतं. तोंड उघडायला अजूनही वेळ होता, आणि तो गप्प उभा होता.