क्षार म्हणजे कोणता

नीळकंठ पाठकसरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. पुण्याच्या परिषदेत वीस मिनिटांचं भाषण. एकोणतीस वर्षं यवतमाळच्या कॉलेजात जीवरसायन शिकवून आजवर त्यांना मिळाली ती फक्त पोस्टर टांगायची जागा, तीही दोनदा स्वच्छतागृहाच्या वाटेवर. आता निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि हे भाषण चुकलं तर पुढचं कुणी देणार नव्हतं.

भाषण मिळवून दिलं होतं स्पृहाच्या प्रयोगानं. स्पृहा त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. यीस्टमधून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, वेगळे काढायचे आणि पेशीकेंद्रातल्या जनुकावरून बनणारं एक प्रथिन त्यांच्यात शिरतं का ते पाहायचं, हे तिचं काम. असल्या प्रथिनाच्या टोकाला धनभारी पट्टी असते. तीच त्याचा पत्ता. बाहेरच्या पडद्यातल्या दारानं ते आत येतं. मग आतल्या पडद्यातल्या दारापाशी विद्युतदाब लागतो. आतली बाजू ऋण असते, म्हणून धनभारी टोक आत ओढलं जातं. उरलेलं शरीर आतली यंत्रणा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून खेचून घेते, आणि पत्त्याची पट्टी कापली जाते. कापलेलं प्रथिन लहान, म्हणून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या पातळ थरावर त्याचा पट्टा खाली दिसतो.

हा दाब मुद्दाम घालवून पाहायचा तर व्हॅलिनोमायसिन नावाचं द्रव्य टाकतात. मग प्रथिन दारातच अडकतं, आणि नंतर टाकलेलं प्रथिनपाचक विकर त्याला बाहेरच संपवतं. स्पृहाच्या नळीत मात्र व्हॅलिनोमायसिन टाकूनही खालचा पट्टा ठळक यायचा. सहा वेळा आला. दाबावाचून आत जाणारं प्रथिन! सरांनी सहाव्या पट्ट्यानंतर पुण्याला सारांश पाठवला, दुसऱ्याच दिवशी नवा शर्ट शिवायला टाकला.

भाषणाला बारा दिवस असताना स्पृहा कपाटात नळ्या शोधत होती. मागच्या फळीवर पोटॅशियम क्लोराइडची बाटली दिसली. सील तसंच. चार महिन्यांत इतके बफर, म्हणजे प्रयोगाची क्षारयुक्त द्रावणं, झाले, आणि बाटलीची झाकणपट्टी जशीच्या तशी.

बफर विमलताई करायच्या. बावीस वर्षं इथेच असलेल्या प्रयोगशाळा सहायक. वजनकाट्यावर त्यांचा हात सरांच्या डोळ्यांपेक्षा भरवशाचा. स्पृहानं बाटली पुढे ठेवून विचारलं, यातलं कधी घातलंत का?

"नाही ना. तुमच्या सरांच्या कागदावर 'क्षार' लिहेल हाये. मी मीठ घालून राह्यली. क्षार म्हंजे मीठच न?"

कागद सरांच्याच हातचा. मुलांना सोपं जावं म्हणून त्यांनी अख्खी कृती मराठीत उतरवली होती, आणि लांबलचक नावाला कंटाळून पोटॅशियम क्लोराइडच्या जागी नुसतं 'क्षार' लिहिलं होतं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि कृतीतलं फॉस्फेटही सोडियमचं; बफरात पोटॅशियम नव्हतंच. व्हॅलिनोमायसिन हा फक्त पोटॅशियम वाहणारा हमाल. बाहेर पोटॅशियम असेल तर ते आत ओतून तो दाब संपवतो. बाहेर नसेल तर आतलंच थोडं बाहेर काढतो, आणि आतली बाजू आणखी ऋण होते. म्हणजे दाब गेलाच नव्हता.

स्पृहानं सरांना काही न बोलता त्याच दिवशी विमलताईंना दोन बफर करायला सांगितले, एक जुना, एक पोटॅशियमचा. दोन दिवसांनी जेल दिव्यासमोर धरलं. व्हॅलिनोमायसिन दोन्हीकडे होतं. मिठाच्या बफरात खालचा पट्टा ठळक, पोटॅशियमच्या बफरात काहीच नाही. आणि पोटॅशियमच्या बफरात व्हॅलिनोमायसिन न टाकलेली नळी? तिथे पट्टा नेहमीसारखा, म्हणजे दोष बफरचा नव्हता; प्रथिनाला दाब लागतच होता.

स्पृहानं जेल सरांपुढे ठेवून कुठल्या बफरात काय होतं ते सांगितलं. सरांनी विचारलं, जुना बफर कुणी केला. विमलताई दारातच होत्या. स्पृहाला वाटलं, आता ठपका त्यांच्या नावावर चढणार. तसा चढवायला सोपाही होता.

"सर, तुमीच त लिहेल हाये," विमलताई म्हणाल्या. "मले काय मालूम तुमचा क्षार कोनता ते. इचारलं असतं त म्हनले असते, इतकं वर्स झालं तरी समजत नाही बाईले."

सर हसले. खरं तर असं ते म्हणालेच असते.

"म्हणालो असतो. कागद आणा तो."

कागदावर त्यांनी 'क्षार' खोडून 'पोटॅशियम क्लोराइड' लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. मग पुण्याला कळवलं: निष्कर्ष मागे घेतो, चूक माझ्या कृतीतली. आयोजकांनी सौजन्यानं एक पोस्टरची जागा देऊ केली. सरांनी ती घेतली आणि शीर्षक ठरवलं: व्हॅलिनोमायसिन वापरताना बाहेर पोटॅशियम आहे ना, याची खात्री कशी करावी.

जागा पुन्हा स्वच्छतागृहाच्याच वाटेवर होती. तरी वाचणारे बरेच थांबले. दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत फोन करून बफर तपासायला सांगितलं.

तर जमाखर्च असा. स्पृहाचे चार महिने गेले, पण प्रबंधात शिरण्याआधी चूक निघाली, म्हणून ते तिला पूर्ण भरावे लागले नाहीत. विमलताईंचं काहीच गेलं नाही, उलट आता कोणतीही कृती त्यांना विचारल्याशिवाय भिंतीवर लागत नाही. शर्ट शिवून आला, तो सरांनी पोस्टरसमोर घातला. भाषणाची वीस मिनिटं मात्र सरांचीच गेली. तेवढी त्यांनी स्वतःच्या नावावर भरली.