कुठला शुक्रवार

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, रेकॉर्डच्या कपाटांमागे, भाषांतराची खोली होती. खोली कसली, खिडकीजवळ एक टेबल आणि एक फोन. डॉक्टरांच्या ऑफिसातून इंग्रजीत निघालेले निरोप तिथे मराठीत व्हायचे आणि पेशंटच्या मोबाइलवर जायचे. टेबलाशी बसणाऱ्या बाईला सगळे ‘कॅलेंडर’ म्हणत. समोरासमोरही म्हणत.

नाव पडायचं कारण तिचा फोन. निरोपात ‘या शुक्रवारी’ आलं की ती तडक निरोप लिहिणाऱ्याला फोन लावायची. “कुठला शुक्रवार? तारीख सांगा.” समोरचा वैतागायचा, पण सांगायचा. मग ती वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहायची. तारीख चुकली तर वार ओरडून सांगतो, वार चुकला तर तारीख, असं तिचं म्हणणं. शिवाय निरोप लिहितो एक जण सोमवारी आणि वाचतो दुसरा शनिवारी. त्या शनिवारी ‘या शुक्रवारी’चं काय करायचं? अंदाज मात्र तिने कधी केला नाही. अंदाज करायचा तर ज्योतिष काय वाईट, असं ती म्हणायची.

महिना संपता संपता साहेबांनी तिचं फोन करणं बंद केलं. भाषांतर विभागाचे हे साहेब नवे होते. एका निरोपाला दोन मिनिटं, असा त्यांनी हिशोब मांडला होता आणि कॅलेंडरला सात मिनिटं लागत होती.

“तुमचं काम भाषांतराचं आहे, चौकशीचं नाही,” ते म्हणाले. “जे लिहिलंय तेच लिहायचं. स्वतःची अक्कल घालायची नाही.”

दुसरी कोणी असती तर ऐकलं नसतं, असं तिला नंतर वाटत राहिलं. तिने ऐकलं. घरी आईचं आजारपण होतं आणि नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने होते. सोमवारी, दोन तारखेला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निरोप आला. त्यात ‘पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेसातला’ एवढंच होतं. तिचा हात फोनकडे गेला आणि परत आला. तिने जसंच्या तसं लिहून पाठवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तो निरोप होता शिवणकाकूंचा. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत एकटी राहून कपडे शिवणारी बाई. उजव्या डोळ्याने आधीच अंधुक दिसायचं आणि डावा मोतीबिंदूने झाकोळला होता. सुईत दोरा ओवायला खालच्या लॉन्ड्रीवाल्याला वर बोलवावं लागे. यादीत नंबर लागायला त्या सात महिने थांबल्या होत्या.

शिवणकाकूंनी मोबाइल डोळ्याशी धरून निरोप वाचला आणि सरळ अर्थ लावला. हा आठवडा नुकताच सुरू झालाय. या आठवड्यातला शुक्रवार तो ‘हा’, त्यानंतरचा तो ‘पुढचा’. म्हणजे तेरा तारीख. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे दहा तारखेपासून त्यांनी घड्याळ लावून डोळ्यात थेंब घातले, पुतणीला रजा टाकायला लावली आणि तेराला सव्वासातला हजर झाल्या. तळमजल्यावरच्या खिडकीतल्या मुलीने पडद्यावर बघून सांगितलं, “तुमचं सहा तारखेला होतं. तुम्ही आला नाहीत. नाव काढलंय.”

पुतणी त्यांना हाताला धरून वर भाषांतराच्या टेबलाशी घेऊन आली. शिवणकाकू भांडल्या नाहीत. मोबाइल पुढे करून एवढंच म्हणाल्या, “बाई, तुम्हीच लिहिलंत ना हे? मी कुठे चुकले ते तेवढं सांगा.”

कॅलेंडरला तोंडात मारल्यासारखं झालं. स्वतःचं वाक्य ती वाचत राहिली. चूक एकही नव्हती, आणि एका बाईचं ऑपरेशन हुकलं होतं.

“तुम्ही चुकला नाहीत, काकू,” ती म्हणाली. “मी चुकले. मला विचारायला हवं होतं.”

सोमवारी, सोळा तारखेला, यादीच्या ऑफिसातून शिवणकाकूंसाठी पत्र आलं. ते मराठीत करायला तिच्याच टेबलावर पडलं, याला काय म्हणावं? पत्रात शिवणकाकूंच्या ‘निष्काळजीपणा’चा उल्लेख होता. तक्रार असल्यास पत्राच्या तारखेपासून एका फोर्टनाइटच्या आत, दिवसअखेरपर्यंत, लेखी कळवावी. नाहीतर नाव यादीच्या शेवटी.

तिचं डोकं तडकलं. तारीख न सांगता बाईला बुडवलं, आणि आता दाद मागायची वेळही तशीच धूसर! आपल्याकडे दोन आठवड्यांना माणूस सहज ‘पंधरा दिवस’ म्हणतो. फोर्टनाइट चौदा दिवसांचा. काकू पंधराव्या दिवशी अर्ज घेऊन आल्या असत्या आणि पुन्हा निष्काळजी ठरल्या असत्या.

साहेबांच्या देखत तिने फोन उचलला.

“फोर्टनाइट म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?” तिने यादीवाल्या मॅडमना विचारलं.

“तीस. सोमवार.”

“तीस धरून?”

“हो.”

“आणि दिवसअखेर म्हणजे किती वाजता?”

“दिवसअखेर म्हणजे दिवसअखेर हो. खिडकी चारला बंद होते.”

“मग चार म्हणा ना,” कॅलेंडर म्हणाली आणि फोन ठेवला. तिने लिहिलं: सोमवार, तीस तारीख, दुपारी चारच्या आत, तळमजल्यावरची दोन नंबरची खिडकी.

“सात मिनिटं झाली,” साहेब म्हणाले.

“सात महिन्यांपुढे काय आहेत सात मिनिटं?” ती म्हणाली.

काकूंचा अर्ज वेळेत गेला. सुनावणीला नेत्रविभागाचे डॉक्टर, यादीवाल्या मॅडम, साहेब आणि कोपऱ्यात शिवणकाकू. साहेबांनी आधी कॅलेंडरलाच उभं केलं. “भाषांतर बरोबर होतं की नाही, एवढं सांगा.”

“बरोबर होतं,” ती म्हणाली. “म्हणूनच हे झालं. मॅडम, दोन तारखेला तुम्ही ‘पुढचा शुक्रवार’ लिहिलंत, तो कुठला?”

“सहा. सोमवारपासून पुढे येणारा पहिला. त्यात विचारायचं काय?”

“सहा कसा?” डॉक्टर एकदम म्हणाले. “सहा म्हणजे ‘हा’ शुक्रवार. पुढचा म्हणजे तेरा.”

“सर, नेहमी असंच लिहितो आपण.”

“नेहमी? मग गेल्या महिन्यात तीन पेशंट आले नाहीत ते काय...” डॉक्टर बोलता बोलता थांबले. मॅडमनी समोरची फाइल उगाच उघडली.

“दोन दारं सोडून बसता तुम्ही,” कॅलेंडर म्हणाली. “तुमचं तुमच्यात जमत नाही. आणि निष्काळजी कोण, तर ह्या? ह्यांनी तीन दिवस घड्याळ लावून थेंब घातलेत.”

कोपऱ्यातून शिवणकाकू हळूच म्हणाल्या, “चार थेंब. दिवसाला.”

डॉक्टरांनी तिथल्या तिथे कागद ओढून ऑपरेशनची नवी तारीख लिहिली. पत्रातला ‘निष्काळजीपणा’ खोडायला मात्र कॅलेंडरला दोनदा सांगावं लागलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पट्टी निघाल्यावर शिवणकाकू वर आल्या, टेबलावरच्या कॅलेंडरच्या पर्सचा उसवलेला बंद बघितला आणि तिथेच बसून शिवून दिला. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला. कॅलेंडरला तिकडे बघवेना.

त्याच दुपारी साहेबांचं परिपत्रक आलं, सगळ्या विभागांसाठी, मराठीत करायला. ‘यापुढे प्रत्येक निरोपात वार, तारीख आणि वेळ लिहिणे बंधनकारक आहे. अंमलबजावणी पुढच्या आठवड्यापासून.’

तिने ते दोनदा वाचलं. मग फोन उचलला आणि साहेबांचा नंबर लावला.

“साहेब,” ती म्हणाली, “कुठल्या तारखेपासून?”

तिने पेन उघडून हातात धरलं आणि वाट बघत बसली.