‘तू’चं ‘तुम्ही’ झालं तेव्हा

मी एक जुनं सांत्वनपत्र आहे, मित्रांनो. माझी भाषा रशियन, पण मला लिहिणारा माणूस मराठी. माझ्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मला एकदाच वाचलं गेलं, तेव्हा ऐकणारी म्हणाली, छान लिहिलंय! हे कौतुक आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

औषधाच्या बाटल्या बनवणारा एक काचेचा कारखाना होता. त्याचे भागीदार दोघं. एक मराठी, त्याला सगळे दादा म्हणत. दुसरा रशियन बोलणारा. काच वितळवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याला सगळे भट्टीवाला म्हणत. भट्टीपाशी उभं राहून दादा त्याच्याकडून रशियन शिकला. त्या भाषेत ‘तू’ला ‘ती’ म्हणतात आणि ‘तुम्ही’ला ‘वी’. सुरुवातीला भट्टीवाला ‘ती, ती’ करायचा तेव्हा दादाला वाटायचं, हा कुठल्या बाईबद्दल बोलतोय! ते कळल्यावर दोघं पोट धरून हसले होते. तेव्हापासून त्यांच्यात ‘ती’च चाले. डबा एक, भांडण एक, अरेतुरे एक.

मग नवी भट्टी बांधली. अशी भट्टी एकदम तापवता येत नाही. विटा हळूहळू फुगू द्याव्या लागतात, नाहीतर तडे जातात. ती निम्मी तापलेली असतानाच भट्टीवाल्याच्या दूरदेशीच्या घरून फोन आला. वडील अंथरुणाला खिळले होते.

“मी निघतो,” तो म्हणाला.

“आत्ता?” दादा म्हणाला. “अरे, भट्टी गेली तर आपण दोघं रस्त्यावर येऊ. ती एकदा स्थिरावू दे. म्हातारी माणसं चिवट असतात रे.”

भट्टीवाला थांबला. भट्टी स्थिरावली. वडील मात्र थांबले नाहीत. तो घरी पोहोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

तेव्हा मी दादाच्या टेबलावर कारखान्याच्या नावाचा कोरा कागद होतो. दादाने एक साधा कागद ओढला आणि स्वतःच्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये लिहायला बसला. लिहिताना त्याचं नाक गळत होतं. मग त्याने शेजारच्या रस्त्यावर राहणाऱ्या रशियनच्या निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. त्या बाई कडक होत्या. चष्मा पुसून त्यांनी कच्चा कागद वाचला.

“नावाच्या हाकेनंतर उद्गारचिन्ह दिलंत? रशियन पत्रात देतात, पण दुःखाच्या पत्रात ते ओरडल्यासारखं वाटतं. स्वल्पविराम द्या. आणि ‘वडील मेले’ असं लिहू नका. ‘नि स्ताला’ म्हणा. आपण ‘राहिले नाहीत’ म्हणतो ना, तसं.”

“सांत्वनाला काय शब्द आहे?” दादाने विचारलं.

“सबलेझ्नोवानिये. ‘स’ म्हणजे सह, पुढे वेदना. सहवेदनाच की! अनेकवचनात लिहायचं, आणि ‘माझ्या मनापासूनच्या सहवेदना स्वीकार’ असं म्हणायचं. शेवटी ‘स्वेतलाया पाम्यत’, म्हणजे त्यांची आठवण उजळ राहो. बस्स. कामाधंद्याचं एक अक्षर नको.”

मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथे दादाने लिहिलं होतं, “प्रस्ती, श्तो या तिब्या नि अत्पुस्तील.” मला माफ कर, मी तुला जाऊ दिलं नाही.

“ही ओळ मी तपासत नाही,” बाई म्हणाल्या. “अशीच जाऊ द्या. तुमच्यात ‘ती’ चालतं ना? मग सगळं पत्र ‘ती’तच ठेवा.”

मित्रांनो, त्या क्षणी मी जन्मलो असतो तर किती बरं झालं असतं! पण तेवढ्यात दादाचा मेहुणा आत आला. कारखान्याची कचेरी तो सांभाळत असे. त्याने ओळीचा अर्थ विचारला आणि कपाळाला हात लावला.

“भाऊजी, हे कारखान्याच्या कागदावर लिहिणार? उद्या त्याने भागीदारी मोडायची ठरवली तर हाच कागद दाखवेल. बघा म्हणेल, कबूल केलंय यांनी! आणि एवढा दुःखाचा प्रसंग, त्यात अरेतुरे? बरं दिसतं का?”

“मान द्यायला हवा, हे खरं,” दादा पुटपुटला.

“तिकडे मान असा देत नाहीत,” बाई म्हणाल्या. “ज्याला वर्षानुवर्षं ‘ती’ म्हटलं, त्याला अचानक ‘वी’ म्हणणं म्हणजे मान नव्हे. दार लावून घेणं आहे ते.”

दादाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला बाईंचं पटलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण माफी मागायची म्हटलं की माणसाला कुठलंही निमित्त पुरतं. “‘वी’ करा,” तो म्हणाला, “आणि शेवटची ओळ काढा.”

बाईंनी कच्च्या कागदावर तसं केलं. नुसत्या नावाच्या जागी मानाने हाक आली. रशियनमध्ये मान द्यायचा तर नावापुढे वडिलांच्या नावावरून घडवलेलं नाव लावतात. म्हणजे जो माणूस गेला, त्याचंच नाव माझ्या पहिल्या ओळीत येऊन बसलं. ‘तुझे वडील’चं ‘आपले वडील’ झालं, तेही मोठ्या अक्षराने, कारण पत्रात ‘वी’चं पहिलं अक्षर मोठं काढतात. तो मजकूर दादाने माझ्यावर उतरवला आणि खाली सही केली. मी जन्मलो, निर्दोष आणि थंडगार. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, “भाषा मी सुधारली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

भट्टीवाल्याने मला आपल्या घरच्या स्वयंपाकघरात उघडलं. समोर त्याची आई बसली होती. आलेली सगळी पत्रं ती त्याच्याकडून वाचून घेत असे. पाकिटावर दादाचं अक्षर पाहून त्याचे डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. मग त्याने पहिली ओळ वाचली. त्याने मला उलटं करून पाहिलं; मागे काही लिहिलंय का ते शोधलं. मागे मी कोरा होतो. मग सावकाश, एका सुरात, त्याने मला मोठ्याने वाचलं.

“छान लिहिलंय,” आई डोळे टिपत म्हणाली. “एकही शब्द चुकला नाही. कोण रे हे गृहस्थ?”

“आई, मी ज्यांच्याकडे काम करायचो ते,” तो म्हणाला.

भागीदार होता तो, मित्रांनो! आणि म्हणाला, करायचो.

तो परत गेला नाही. भागीदारीतून मोकळं करावं, असं त्याने दोन ओळींत कळवलं. त्या दोन्ही ओळी ‘वी’त होत्या. मेहुण्याचं भाकीत खरं ठरलं म्हणा, फक्त त्यासाठी माफीची गरज पडली नाही. मला त्याने इतर सांत्वनपत्रांबरोबर खणात ठेवलं. तिथे शेजारच्या आजीचं एक पत्र आहे. ओळ तिरकी, शब्दांत चुका, आणि वाचून वाचून घडीवर फाटलेलं. माझी घडी अजून कोरी करकरीत आहे.

पुढे बऱ्याच काळाने एका दुपारी फोन वाजला. दादाचा आवाज खणापर्यंत आला. तो घाईघाईने, चुकत, ‘ती’त बोलत होता. भट्टी, वडील, मी तुला, मी तुला... त्याला ते वाक्य पुरं करता येईना.

भट्टीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. “आभारी आहे,” तो म्हणाला. “मी बरा आहे. आणि आपण?”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही अशी पत्रं लिहावी लागतील. कुणाकडून तरी शुद्धलेखन जरूर तपासून घ्या. पण जी ओळ लिहिणं सगळ्यात जड जातं, ती कुणाच्याही सांगण्यावरून खोडू नका. ती खोडली की उरतो तो माझ्यासारखा कागद, ज्याच्यात चूक काढता येत नाही आणि ज्याला पुन्हा कुणी उघडत नाही.