भागूबाईचे हात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पेठारवाडीच्या ग्रुपवर दोन हात जोडलेले यायचे. शब्द नाही, फूल नाही, सूर्य नाही, नुसते हात. तीनशे बारा माणसांच्या त्या ग्रुपवर कुणी त्यांच्याकडे बघत नसे. भागूबाई म्हातारी रोज टाकते, टाकेना का, असं होतं.

बघणारा एकच होता. तो वर माथेरानला, एका हॉटेलच्या भटारखान्यात, पोह्यांचा कांदा चिरता चिरता बघायचा. सहदेव तिचा मुलगा. हात दिसले की तो फोन खिशात टाकायचा आणि पुढच्या कांद्याला हात घालायचा. आय उठली, चूल पेटली, झालं. दिवसभर मग आईची काळजी नाही.

तुम्ही म्हणाल, मग फोन का नाही करायचा? करायचा की आधी. पण माथेरानला रेंज ही पाहुण्यासारखी, आली तर आली. आणि भागूबाईचा फोन यायचा तेव्हा याच्या हातात नेमकी कढई असायची. दोनचारदा तो तिच्यावर खेकसला, "आय, कामात हाय गं मी!" म्हातारी मानी. तिनं फोन करणंच सोडलं. मग शेजारची सून जयवंता, तिनं तिला शिकवलं, हिरव्या चौकोनावर बोट ठेवायचं, सगळ्यात वरची ओळ दाबायची, खाली हसरं तोंड दाबलं की पहिलेच हात येतात, ते दाबायचे आणि मग बाण. अक्षरओळख नसलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं. सगळ्यात वरच्या ओळीत जयवंतानं गावचा ग्रुप पिन करून ठेवला होता, म्हणून हात गावाला जायचे. खरं तर ते एकाच माणसासाठी होते.

हे सहदेवाला कळत होतं. सोयीचं होतं म्हणून त्यानं ते तसंच चालू दिलं. सोय ही फार वाईट सवय आहे.

गुरुवारी संध्याकाळी, चहाची गर्दी ओसरल्यावर, ग्रुपवर लांबलचक नोटीस आली. टाकणारे रामभाऊ, ग्रुपचे अ‍ॅडमिन. रामभाऊ म्हणजे कर्जतच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले कंट्रोलर. आयुष्यभर फळ्यावर सूचना लिहिल्या, आता फळा नाही तर ग्रुप. नोटिशीला कारणही तसंच होतं. पाडव्याच्या दिवशी गजानं बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून गाडी हवी असं टाकलं होतं. त्यावर अर्ध्या तासात नव्वद गुढ्या, साखरेच्या माळा आणि शुभेच्छा येऊन पडल्या आणि त्याचा मेसेज पार बुडाला. ज्याच्या दारात टेंपो उभा होता त्या पोशानं तो दुपारी वाचला. बाळ-बाळंतीण वाचली, पण बाळंतपण वाटेत रिक्षातच झालं. रामभाऊंनी ते मनाला लावून घेतलं.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की," अशी सुरुवात होती. निधन व अंत्यविधीची वेळ, वीज-पाणी, रेशन, ग्रामसभा, आजारी माणसासाठी गाडी किंवा रक्त, हरवलेले माणूस किंवा जनावर, एवढंच ग्रुपवर टाकावं. शुभ सकाळ, शुभ रात्री, फुलं, नुसते हात जोडणे, देवाचे किंवा पुढाऱ्यांचे फोटो, कुणाकडून तरी आलेलं पुढे ढकलणे बंद. शुक्रवार सकाळपासून अशी पोस्ट अ‍ॅडमिन पुसून टाकेल. एकाच माणसानं तिसऱ्यांदा टाकली तर त्याचा नंबर काढला जाईल. भांडण लागलं तर एक दिवस ग्रुप बंद राहील, फक्त अ‍ॅडमिन लिहील. आणि शेवटी, "तक्रार ग्रुपवर करू नये. माझ्या नंबरवर वेगळी लिहावी, किंवा रविवारी दहा वाजता पंचायतीच्या ओट्यावर समक्ष भेटावे."

सहदेवाची नजर त्या तीन शब्दांवर अडकली. नुसते हात जोडणे.

त्यानं लगेच रामभाऊंचा नंबर उघडला. लिहिलं, "रामभाऊ, माझ्या आयचे हात राहू द्या. त्यावरून मला ती बरी हाय ते समजतं." बोट बाणावर नेलं आणि तिथंच थांबलं. काय म्हणतील रामभाऊ? गेल्या दिवाळीला कर्जतच्या बाजारात त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं, "सहदेवा, आयला बघायला येत जा रं मधनंमधनं. म्हातारी एकटी हाय." तेव्हा हा फणकारला होता, "रोज बोलतो मी तिच्याशी!" आता हे पाठवलं की खोटं उघडं पडणार. रोज बोलतो म्हणणारा पोरगा आईची खुशाली गावच्या ग्रुपवर बघतो. रविवारी ओट्यावर तोच विषय.

त्यानं लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. उद्या आयला फोन करून सांगू, असं ठरवलं. उद्या शुक्रवार, मे महिना, हॉटेलवर चाळीस पाहुणे उतरणार होते, हे त्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी सहा दहाला त्यानं फोन बघितला. रामभाऊंची झाडलोट सुरू झाली होती. गोमाच्या नावाखाली ‘हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे’. पोशाच्या नावाखाली तेच. कोंडाजीच्या खाली दोनदा. सहदेवानं बोटानं वर-खाली करून नावं वाचली. आयचं नाव कुठंच नव्हतं. हात आलेच नव्हते, पुसायचा प्रश्नच नव्हता.

आणि त्याला बरं वाटलं! हे लिहिताना माझाच जीव कळवळतो, पण खरं ते खरं, त्याला बरं वाटलं. जयवंतानं वाचून दाखवलेलं दिसतंय, आयनं ऐकलं, चारचौघांत तिचे हात पुसले गेले नाहीत. शहाणी हाय माझी आय, असं मनात म्हणून त्यानं कांदा ओढला.

दुपारी चाळीस माणसं जेवली. चारच्या सुमारास त्यानं आयला फोन लावला. पूर्ण रिंग वाजून थांबला. असेल गोठ्यात. फोन काय ती कडोसरीला थोडाच बांधते? पुन्हा लावायचा होता, तेवढ्यात भजीची ऑर्डर आली.

शनिवारीही हात आले नाहीत. त्यानं ग्रुप पुन्हा वर-खाली करून बघितला. पण नोटीस आहे ना, नोटिशीमुळेच. त्यानं स्वतःला समजावलं. समजावायला कारण आयतं मिळालं होतं.

दहा वाजता रामभाऊंचा फोन आला. रेंज असूनही आवाज तुटत होता.

"सहदेवा, आसशील तसा ये. तुझ्या आयला घेऊन चाललोय कर्जतला, पोशाच्या टेंपोत."

"काय झालं?"

"परसात पडली व्हती रं. उजवी बाजू गेलीय. बोलत नाय."

दस्तुरीपर्यंत, जिथं गाड्या थांबतात तिथवर, तो धावतच उतरला. घोडेवाले वाट सोडत होते. खाली नेरळला आणि तिथून पुढं कसा गेला ते त्याला नंतर आठवेना. कर्जतच्या दवाखान्यानं तोवर पुढं पनवेलला धाडलं होतं. पनवेलच्या मोठ्या दवाखान्याच्या जिन्यात रामभाऊ बसलेले दिसले, मांडीवर भागूबाईची पिशवी घेऊन. कडक इस्त्रीचा माणूस, पण सदऱ्याला परसातला चिखल लागलेला.

"डॉक्टर काय म्हनले?" सहदेवानं विचारलं.

"मेंदूत गाठ अडकली रक्ताची. चार-साडेचार तासांत आनली आसती तर औषध देता आलं आसतं, म्हनले. ती शुक्रवारी पहाटेच पडलीय. चुलीत राख थंड व्हती."

"जयवंता?"

"माह्यारी गेलीय बुधवारपासनं. बहिनीचं लगीन हाय."

सहदेव त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. मग त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर दिसायला लागलं होतं.

"मंग नोटीस आयला वाचून कुनी दावली?"

"कुनीच नाय." रामभाऊंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "मी तर मनात ठरवून ठेवलं व्हतं, भागूबाईचं काय पुसायचं नाय. म्हातारीला काय कळतंय नोटीस. शुक्रवारी उठून पयले तेच बघितलं. हात नाय. मला वाटलं, तू फोन करून सांगितलंस. तू रोज बोलतोस ना तिच्याशी."

सहदेवानं आयची पिशवी त्यांच्या मांडीवरून आपल्याकडं घेतली.

"आज बी नाय आले तवा मला कसंतरी वाटलं. म्हनलं आपुन जाऊन सांगू, भागूबाय, तू टाकत जा गं, तुला सूट हाय. म्हनून गेलो." त्यांनी सदऱ्यावरचा चिखल नखानं खरवडला. "तुझं तिच्याशी बोलनं झालं नाय, एवढा एक मेसेज टाकायचास रं मला. मी काय खानार व्हतो का तुला?"

पाठवायच्या आधी पुसलेल्या त्या ओळीबद्दल सहदेवानं त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. हात न येणं याचा अर्थ इतकी वर्षं एकच होता, आणि तो फक्त त्याला ठाऊक होता. ती नोटीस आल्यावर त्यानंच दुसरा अर्थ लावून घेतला होता.

रविवारी दहाला रामभाऊ ओट्यावर बसले नाहीत. त्याऐवजी ग्रुपवर दुरुस्ती आली. "जी माणसे घरात एकटी राहतात त्यांनी रोज सकाळी न चुकता हात जोडावेत. ते पुसले जाणार नाहीत. आठपर्यंत हात न आल्यास शेजाऱ्याने घरी जाऊन बघावे व ग्रुपवर कळवावे." खाली कुणी काही लिहिलं नाही, नियमच तसा होता. सोमवारी सकाळी मात्र हात आले. कोंडाजीचे आले. बुधी म्हातारीचे आले. सातपर्यंत अकरा जोड्या मोजून झाल्या.

सहदेव तेव्हा आईच्या खाटेशी बसला होता. ती जागी होती. त्यानं तिचा फोन पिशवीतून काढला, हिरवा चौकोन उघडून दिला आणि तिच्या डाव्या हातात ठेवला. "आय, टाक गं. गाव वाट बघतंय." भागूबाईनं अंगठा काचेवरून फिरवला. वरची ओळ उघडली, ते तिला जमलं. हसऱ्या तोंडाशी अंगठा थबकला. हात दिसले तसा तिनं अंगठा उचलला आणि डावा हात छातीवरून पलीकडं नेला, तसेच जोडायला उजवा हात शोधत. तो अंथरुणावर पडलेलाच होता. ती सहदेवाकडं बघत राहिली.

त्यानं फोन हळूच काढून घेतला, हात दाबले आणि बाण दाबला.

ग्रुपवर आनंदीआनंद झाला. नियम मोडून पोशानं लिहिलं, "भागूबाय बरी झाली!" गजानं अंगठा दाखवला, गोमानं फूल टाकलं, वीस-बावीस जणांनी काही ना काही टाकलं. रामभाऊंनी एकही पुसलं नाही. सहदेव एकेक वाचत होता. ते हात आयचे नाहीत, माझे आहेत, हे ग्रुपवर लिहायला त्याला कुठलाच नियम आडवा येत नव्हता. तरी त्यानं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला त्यानं पुन्हा तिचा फोन काढला.