मार्चचा माणूस

हिलरी तुस्कानो हवेचे कॉम्प्रेसर विकायचा. मार्च लागला की नंदाखाल गावातल्या घरी तो फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. अख्खा दिवस वसईच्या कारखान्यांच्या बाकड्यांवर जाई, कारण वर्षअखेर म्हणून त्याच महिन्यात सगळे विक्रेते खरेदीवाल्यांच्या दारात ठाण मांडून बसत.

त्या वर्षी कंपनीच्या मुंबईच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, "एक एप्रिलपासून भाव वाढणार, असं सांग. ऑर्डर मार्चमध्येच पाहिजे."

भाव वाढणार नव्हता. बजेट येऊन गेलं होतं, अबकारी कर जिथल्या तिथे होता.

गोखिवऱ्याच्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात खरेदी पाहणारे दिवाकर नाईक त्याला आत घेऊन गेले. समोर हिशेबखात्याच्या प्रमुख प्रेमलताबाई होत्या.

"जुना कॉम्प्रेसर कधीही बसेल," नाईक म्हणाले. "भाव वाढणार असेल तर दुरुस्तीच्या रकमेतून उचलतो. बोल, वाढणार का?"

हिलरीच्या पाठीत कळ होती. एक 'हो' म्हटलं असतं, तर घरी जाता आलं असतं. पण तेव्हा प्रत्येक कंपनीला आपलं हिशेबाचं वर्ष निवडता यायचं.

"नाही वाढणार," तो म्हणाला. "तुमचं हिशेबाचं वर्ष कधी संपतं?"

"तीस जूनला," बाई म्हणाल्या. "यंदाची यंत्रांची तरतूद संपलीय. पुढच्या वर्षाचा अंदाज मेमध्ये बांधतो."

"मग दुरुस्तीच्या पैशाला हात लावू नका. दुसरं काही बिघडलं तर पंचाईत होईल. किंमत, वाहतूक, पायाचं काम, विजेचा खर्च, सगळं एप्रिलअखेर लिहून देतो. तोवर जुन्याचे व्हॉल्व्ह बदलून घ्या."

नाईक त्याला दारापर्यंत सोडायला आले. "मार्चमध्ये असं कुणी बोलत नाही रे."

साहेबांनी फोनवर त्याला धारेवर धरलं. विक्रीचं लक्ष्य न गाठताच त्याचं वर्ष संपलं, बक्षीस गेलं. "लेकीच्या शाळेचं काय?" बायको रोझलीननं विचारलं.

एप्रिलअखेर तो कागद देऊन आला. बाईंनी आकडे उतरवून घेतले, विजेचा खर्च कमी धरलाय म्हणून दुरुस्तही करायला लावला. जुलैत ऑर्डर निघाली, पण छोट्या यंत्राची; बाकीची रक्कम मालकांनी छपराला दिली होती.

"वाईट वाटलं का?" नाईकांनी विचारलं.

"नाही," हिलरी म्हणाला, आणि ते जवळजवळ खरंही होतं. "शेजारच्या रंगाच्या कारखान्याचं वर्ष कधी संपतं, ठाऊक आहे?"

"दिवाळीला. तिथला हिशेबनीस ऑगस्टमध्ये अंदाज बांधायला बसतो. माझं नाव सांग."

हिलरीनं बॅग उचलली. पाऊस भुरभुरत होता, स्टेशनकडे जाणारी बस अजून आली नव्हती. तो पायीच रंगाच्या कारखान्याकडे निघाला; आज काही विकायचं नव्हतं, हिशेबनिसाला ऑगस्टमध्ये कधी भेटायचं तेवढं विचारून ठेवायचं होतं.